आजीचं मत, आजीचे गुडघे: योग्य बूथपर्यंत पोहोचायचं कसं?



मे २०२४ ते जानेवारी २०२६ या काळात भिवंडीने तीन मतदानं पाहिली. २० मे २०२४ ला लोकसभेचं, २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं आणि १५ जानेवारी २०२६ ला महापालिकेचं. तिन्ही वेळा आपल्या वस्त्यांमध्ये एकच चित्र दिसतं. तरणीताठी माणसं मत देऊन येतात आणि घरातली म्हातारी उंबऱ्यावर बसून राहते. "कुठं नेता मला एवढ्या लांब?" असं ती म्हणते आणि घरचेही फार आग्रह धरत नाहीत. काही घरांतले लोक तिला घेऊन निघतात, पण चुकीच्या शाळेत पोहोचतात. दुसऱ्या शाळेपर्यंत चालण्याचं बळ तिच्यात उरत नाही, मग सगळे परत फिरतात.

आरोग्याच्या पानावर मतदानाचा विषय का, असं कुणी विचारील. त्याचं उत्तर सोपं आहे. सत्तर-ऐंशीच्या माणसाच्या पायात एका दिवसात एकच खेप असते. ती खेप चुकीच्या बूथवर खर्ची पडली, तर मत गेलं आणि वर पुढचे चार दिवस गुडघे सुजलेले. म्हणून योग्य बूथ आधी शोधणं हे म्हाताऱ्या माणसासाठी औषधपाण्याइतकंच तब्येतीचं काम आहे.

बूथ चुकतो कुठे?

पहिली चूक म्हणजे मागच्या वेळची शाळा धरून निघणं. वोटिंग कार्डावर भाग क्रमांक छापलेला असतो, पण कार्ड निघालं तेव्हाचा. मतदार वाढले की आयोग बूथची फोड करतो, भाग बदलतात आणि कधी इमारतही बदलते. जुनं कार्ड ओळखीसाठी चालतं, पत्ता शोधण्यासाठी नाही.

दुसरी चूक आपल्या शहरात हमखास होते. भिवंडी पश्चिम (१३६) आणि भिवंडी पूर्व (१३७) हे विधानसभेचे वेगळे मतदारसंघ आहेत, शिवाय भिवंडी ग्रामीण (१३४) आहे. शहर एकमेकाला चिकटलेलं असलं तरी याद्या वेगळ्या आहेत. शेजारच्या वस्तीतली बहीण ज्या शाळेत मत देते, तिथेच आपल्या आजीचं नाव असेल असं नाही.

तिसरी चूक म्हणजे लोकसभा-विधानसभेचा बूथ महापालिकेला धरणं. महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो. विधानसभेची यादी प्रभागांत फोडली जाते, त्यामुळे यादीतला अनुक्रमांक बदलतो आणि बूथही बदलू शकतो. नोव्हेंबरात ज्या शाळेत गेलो तिथेच जानेवारीत जाणाऱ्यांची फरफट होते, ती यामुळे.

चौथी चूक शाळेच्या आवारातली. एका शाळेत चार-सहा बूथ असतात. शाळा बरोबर, पण खोली चुकीची. रांगेत तासभर उभं राहिल्यावर "तुमचा भाग दुसरा, पलीकडच्या खोलीत जा" असं ऐकायला मिळतं. म्हणून फक्त शाळेचं नाव पुरत नाही. तीन गोष्टी कागदावर लिहून हव्यात: भाग क्रमांक, यादीतला अनुक्रमांक आणि बूथचं नाव. भाग क्रमांकावरून खोली ठरते आणि अनुक्रमांकावरून आतल्या कर्मचाऱ्याला नाव लगेच सापडतं.

एक उदाहरण, आठ दिवस आधीपासून

बऱ्याच घरांत दिसतं तसं एक उदाहरण घेऊ. आजीचं वय ७८. गुडघे दुखतात, बीपी आणि साखर दोन्ही आहे. आजोबा गेल्यावर ती कल्याण नाक्याजवळ लेकीकडे राहायला आली. नाव मात्र अजून अंजूरफाट्याजवळच्या जुन्या घराच्या यादीत आहे. जावई लूमवर कामाला, लेक चार घरची धुणीभांडी करते. घरात गाडी नाही. लोकसभा किंवा विधानसभेचं मतदान आठ दिवसांवर आलं आहे.

*आठवा दिवस: नाव शोधणं.* लेकीने आजीचं वोटिंग कार्ड घ्यावं आणि मोबाईलवर voters.eci.gov.in उघडून कार्डावरचा क्रमांक टाकावा. स्मार्टफोन नसेल तर साध्या फोनवरून १९५० ला मेसेज करता येतो:

```
ECI <वोटिंग कार्डाचा क्रमांक>
```

तेही जमलं नाही तर १९५० ला फोन लावून विचारावं. उत्तरात मतदारसंघ, भाग, अनुक्रमांक आणि बूथ मिळतो. महापालिकेचं मतदान असेल तर हा शोध पुन्हा नव्याने करायचा, राज्य निवडणूक आयोगाच्या mahasecvoterlist.in वर. एकाचं उत्तर दुसऱ्याला चालवू नका.

नाव यादीत नसेल तर कार्ड हातात असूनही मत देता येत नाही, हे कठोर असलं तरी खरं आहे. निवडणूक जाहीर झाल्यावर धावाधाव करून फार उपयोग होत नाही. आजी लेकीकडे कायमची राहायला आली त्याच वर्षी फॉर्म ८ भरून तिचं नाव नव्या पत्त्यावर आणायला हवं. कायद्याला तेच अपेक्षित आहे आणि आजीच्या पायांनाही तेच परवडतं. घरात असं कुणी असेल तर हा अर्ज या महिन्यातच भरा. पुढच्या निवडणुकीतली अर्धी वाट तिथेच वाचेल.

*सातवा दिवस: चिठ्ठी आणि बीएलओ.* मतदानाआधी बीएलओ घरोघरी मतदार चिठ्ठ्या वाटतात. आजीची चिठ्ठी जुन्या घरी जाईल आणि तिथे ती सापडणार नाही. अशा नावांची वेगळी यादी बनते: गैरहजर, स्थलांतरित आणि मयत. या यादीत नाव गेलं म्हणजे मत गेलं, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. बूथवरचा अधिकारी अशा माणसाचं ओळखपत्र नीट तपासतो, अंगठा घेतो आणि खात्री पटली की मतदान करू देतो. म्हणून अशा आजीजवळ वोटिंग कार्ड असायलाच हवं. ते हरवलं असेल तर आधार, पॅन, फोटो असलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, फोटो असलेली पेन्शनची कागदपत्रं, अपंगत्वाचं यूडीआयडी कार्ड अशांपैकी एक चालतं. नुसत्या मतदार चिठ्ठीवर मतदान होत नाही, हा नियम २०१९ पासून आहे.

*सहावा दिवस: आजीची चाल मोजणं.* हे काम घरातल्या कुणालाही करता येतं. आजीला गल्लीत तिच्या वेगाने चालवा आणि पावलं मोजा. किती पावलांवर ती थांबते? थांबल्यावर दम किती वेळात जातो? शंभर पावलं चालून दोन मिनिटं बसली की ती पुन्हा निघू शकत असेल, तर रिक्षा थांबते तिथपासून बूथपर्यंत ती चालेल, फक्त मध्ये बसायची सोय हवी. तीस-चाळीस पावलांतच धाप लागत असेल किंवा छातीत जड वाटत असेल तर चालवण्याचा विचार सोडा आणि व्हीलचेअरची तयारी करा. असा त्रास नव्याने सुरू झाला असेल तर मतदानाची वाट न बघता आधी दवाखाना गाठा.

*पाचवा दिवस: वाट पाहून येणं.* घरातल्या एकाने कामावरून येताना बूथवर जाऊन यावं. मतदानाच्या दिवशी खाजगी वाहन बूथपासून २०० मीटरच्या आत आणता येत नाही, म्हणून रिक्षा कुठे सोडावी लागेल ते पाहावं. तिथून फाटक किती पावलांवर, वाटेत गटाराची फळी किंवा उखडलेला रस्ता आहे का, उतार कुठे, पायऱ्या किती, हे बघून यावं. बूथ तळमजल्यावर असावा, रॅम्प, पिण्याचं पाणी आणि संडास असावा, अशी आयोगाची अपेक्षा असते. रॅम्प दिसला नाही तर बीएलओला तेव्हाच सांगा. मतदानाच्या सकाळी सांगून रॅम्प उभा राहत नाही.

वाहन: कोणाचं घ्यायचं आणि कोणाचं नाही

भिवंडी रोड स्टेशन वसई-दिवा मार्गावर आहे. शहरातल्या शहरात म्हाताऱ्या माणसाला नेण्यासाठी रेल्वेचा उपयोग नाही. आपला सगळा भरवसा शेअर रिक्षावर आणि मतदानाच्या दिवशी रिक्षा नेमक्या कमी होतात. काही रिक्षावाले मत द्यायला गावी जातात, काही नाक्यापुढे येत नाहीत.

आपल्या उदाहरणातल्या आजीला कल्याण नाक्यावरून अंजूरफाट्याला जायचं आहे. सरळ रिक्षा मिळाली नाही तर धामणकर नाक्याला उतरून दुसरी धरावी लागेल. म्हणजे दोनदा चढणं, दोनदा उतरणं आणि मध्ये उभं राहणं. गुडघ्यांसाठी चालण्यापेक्षा हेच जास्त त्रासाचं असतं. म्हणून वस्तीतल्या ओळखीच्या रिक्षावाल्याला आदल्या आठवड्यात सांगून ठेवा: सकाळी अमुक वाजता, जाऊन-येऊन, भाडं आम्ही देऊ. त्याच वाटेवर बूथ असलेले आणखी एक-दोन म्हातारे असतील तर त्यांनीही आपापलं भाडं द्यावं.

भाड्याची गोष्ट मुद्दाम सांगते. उमेदवाराने किंवा त्याच्या माणसांनी मतदारांना फुकट ने-आण करणं हा लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ प्रमाणे भ्रष्ट आचार आहे. कलम १३३ खाली त्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्याला दुसराही तोटा आहे. त्या रिक्षेला आपल्या आजीच्या भाग क्रमांकाशी देणंघेणं नसतं. ती सगळ्यांना एकाच शाळेसमोर उतरवते आणि परत न्यायला येईलच याचा भरवसा नाही. कुटुंबातल्या कुणाची स्वतःची गाडी असेल तर घरच्यांना मतदानाला नेण्यास मनाई नाही, फक्त २०० मीटरची मर्यादा पाळायची.

विहाराच्या कमिटीला किंवा महिला मंडळाला म्हाताऱ्यांची सोय करायची असेल, तर आठवडाभर आधी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात लेखी कळवा. गाडीवर झेंडा, स्टिकर, कोणाचाही फोटो नको. त्याहून साधा मार्ग म्हणजे ज्यांना व्हीलचेअर किंवा वाहन लागेल त्यांची नावं, भाग आणि अनुक्रमांक लिहून ती यादी बीएलओकडे देणं. लोकसभा-विधानसभेला अपंग मतदारांसाठी आयोगाचं Saksham हे ॲप आहे. त्यात व्हीलचेअर आणि ने-आणीची मागणी नोंदवता येते. मागणी नोंदवली म्हणजे गाडी आलीच असं धरू नका. आदल्या दिवशी फोन करून खात्री करा आणि रिक्षेची सोय हाताशी ठेवा.

माणूस बरोबर जाणार तर त्याचा खाडा होणार, ही आपल्या घरांतली खरी अडचण. मतदार असलेल्या कामगाराला मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी द्यावी असं याच कायद्याचं कलम १३५ ब सांगते. ते रोजंदारीच्या कामगारालाही लागू आहे. मालक ऐकत नसेल तर निदान पाळी बदलून मागता येते. जावयाची सकाळची पाळी असेल तर लेक आणि नात बरोबर जातील, हे आदल्या रात्री ठरलेलं असू द्या.

८५ च्या पुढे असाल तर

लोकसभा आणि विधानसभेला ८५ वर्षांवरच्या, तसंच ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचा दाखला असलेल्या मतदारांना घरून मत देता येतं. २०२४ च्या आधी ही वयाची अट ८० होती. यासाठी फॉर्म १२ डी भरावा लागतो. तो बीएलओ घरी आणून देतात, पण भरून देण्याची मुदत निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून फक्त पाच दिवस असते. आपल्याकडे लोकसभेची अधिसूचना २६ एप्रिल २०२४ ला निघाली आणि मतदान २० मे ला झालं. वस्तीत प्रचाराचे भोंगे वाजू लागले तोवर ही मुदत संपलेली होती. घरातलं माणूस अंथरुणावर असेल तर निवडणुकीची तारीख जाहीर झाल्याच्या दिवशीच बीएलओला फोन करा.

एकदा घरून मतदान घेतलं की बूथवर जाऊन मत देता येत नाही. मतदान पथक कळवून येतं, त्या वेळी माणूस घरी हवं. महापालिकेला मात्र ही सोय गृहीत धरू नका. तेव्हा बूथवर जाण्याचीच तयारी ठेवा.

मतदानाची सकाळ

मे महिन्यातलं मतदान असेल तर उन्हाआधी पोहोचा. लोकसभा-विधानसभेला आपल्याकडे मतदान सकाळी ७ ते संध्याकाळी ६ होतं, महापालिकेला साडेसात ते साडेपाच. साडेआठच्या आत रांगेत असणं म्हाताऱ्यांसाठी चांगलं.

साखरेच्या आजीला उपाशी नेऊ नका. गोळी किंवा इन्सुलिन घेतल्यावर नाश्ता झालाच पाहिजे. पिशवीत बिस्किटं आणि थोडी साखर ठेवा. रांगेत तिला घाम फुटला, हात थरथरू लागले, बोलणं असंबद्ध झालं तर साखर उतरली असं समजा. ती शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या आणि बसवा. बीपीची गोळी चुकवू नका. लघवी जास्त होणारी गोळी चालू असेल तर त्या दिवशी ती परतल्यावर घेतली तर चालेल का, हे डॉक्टरांना आधी विचारून घ्या. लघवीच्या भीतीने पुष्कळ बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि मग उन्हात चक्कर येते. निघण्याआधी लघवीला नेऊन आणा, थोडं थोडं पाणी देत राहा, गरज असेल तर पॅड वापरा.

रिक्षेत चढवताना आधी पाठ करून सीटवर बसवा, मग पाय आत घ्या. उतरताना आधी दोन्ही पाय बाहेर, मग उभं करा. उभं केल्यावर लगेच चालवू नका, दहापर्यंत मोजा. पटकन उठल्याने बीपी उतरतं आणि म्हातारी माणसं तिथेच पडतात. घरून हलकी प्लास्टिकची खुर्ची न्या, वाटेत पन्नास-शंभर पावलांवर बसवता येईल.

फाटकाशी पोहोचल्यावर थेट रांगेत उभं राहू नका. बाहेर मतदार मदत कक्ष असतो, तिथे बीएलओ यादी घेऊन बसलेले असतात. भाग क्रमांक दाखवून खोली विचारून घ्या. पक्षांच्या टेबलावर चिठ्ठी शोधत बसण्यापेक्षा हे बरं. मग बूथच्या दारावरच्या कर्मचाऱ्याला सांगा, "आजींचं वय ७८ आहे, उभं राहवत नाही." वृद्ध, अपंग आणि गरोदर बायांना आधी सोडायच्या सूचना त्यांना असतात. न मागता मिळालं नाही तर नम्रपणे मागून घ्या. मोबाईल आत चालत नाही, तो बाहेर थांबणाऱ्या माणसाकडे द्या.

आत मदतीला कोण जाऊ शकतं, यावर भांडणं होतात, म्हणून नियम सांगते. दिसत नसल्यामुळे किंवा शरीर अधू झाल्यामुळे चिन्ह ओळखता येत नसेल किंवा बटण दाबता येत नसेल, तर १८ वर्षांवरचा सोबती मतदान कक्षात नेता येतो. सोबत्याला मताची गुप्तता पाळण्याचं लिहून द्यावं लागतं आणि त्या दिवशी एकाच मतदाराचा सोबती होता येतं. गुडघे दुखतात किंवा लिहितावाचता येत नाही, एवढ्यावर सोबती मिळत नाही. म्हणून घरीच आजीला समजावून ठेवा: बटण दाबलं की बीप वाजते आणि शेजारच्या यंत्रात चिठ्ठी सात सेकंद दिसते. महापालिकेला बहुतेक प्रभागांत चार जागा आहेत, म्हणजे चार वेळा बटण दाबायचं. पहिल्या बटणानंतर आजी बाहेर यायला निघाली तर मतदान अर्धवट राहतं, हे तिला आधी माहीत असू द्या.

"तुमचं मत आधीच पडलंय" असं कुणी सांगितलं तर परत फिरू नका. केंद्राध्यक्षांकडे प्रदत्त मत मागा. ते कागदी मतपत्रिकेवर वेगळं घेतात. संध्याकाळी वेळ संपताना आजी रांगेत असेल तर तिला चिठ्ठी मिळते आणि तिचं मत घेतलं जातं.

एक मर्यादा मात्र पाळा. छातीत दुखणं, बसल्यावरही न जाणारी धाप, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात न उचलणं, यातलं काहीही दिसलं की रांग सोडा आणि १०८ ला फोन करा. मतदान चालू असलं तरी रुग्णवाहिकेला अडवलं जात नाही.

भिंतीवर लावायची चिठ्ठी

बाबासाहेबांनी १९१९ ला साउथबरो कमिटीपुढे आणि १९२८ ला सायमन कमिशनपुढे आपल्या माणसांच्या मताचा हक्क मांडला. तो हक्क आजीच्या कार्डावर आहे. घरात तिच्या औषधांच्या डब्याशेजारी एक कागद चिकटवा आणि प्रत्येक निवडणुकीला नवा करा: आजीचं नाव, कार्डाचा क्रमांक, मतदारसंघ, भाग, अनुक्रमांक, बूथ आणि खोली. खाली बीएलओचा आणि रिक्षावाल्याचा नंबर. बरोबर कोण जाणार त्याचं नाव शेवटी, मोठ्या अक्षरांत. ते नाव लिहिलेलं नसेल तर त्या सकाळी प्रत्येकाला वाटतं की दुसरा नेईल.